ताट, वाट्या आणि खडूची रेघ: अभ्यासात मन न टिकणाऱ्या मुलांसाठी घरच्या वस्तूंचे तीन खेळ

मी संध्याकाळी घरी दुसरी ते चौथीच्या मुलांचा अभ्यास घेते. माझ्याकडे येणाऱ्या पालकांपैकी निम्म्यांची तरी तक्रार एकच असते, "हुशार आहे हो, पण लक्षच नसतं." मी मग विचारते, लक्ष नसतं म्हणजे नेमकं काय होतं? त्यावर बहुतेक जण थबकतात. तिथूनच सुरुवात करायची आहे, कारण "लक्ष नाही" या एका तक्रारीखाली किमान तीन वेगळ्या अडचणी लपलेल्या असतात.

एका मुलाला पाहिलेलं-ऐकलेलं मनात धरून ठेवता येत नाही. फळ्यावरचं वाचतो, मान खाली घालतो, आणि पेन्सिल वहीला टेकेपर्यंत अर्धं वाक्य गळालेलं असतं. दुसऱ्याला स्वतःला आवरता येत नाही. बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतो, आणि ते बहुधा दुसऱ्याच प्रश्नाचं असतं. तिसरा एका नियमात अडकून बसतो. चार बेरजांनंतर वजाबाकी आली तरी बेरीजच करतो, मग "चिन्ह बघ ना!" म्हणून ओरडा खातो. वर्गात तिघंही सारखेच दिसतात.

खाली दिलेले तीन खेळ या तीन अडचणींसाठी आहेत. साधारण सहा ते दहा वर्षांच्या मुलांना ते चालतात. त्यांचे उपयोग दोन. मूल कुठे घसरतं ते तुम्हाला दिसतं, आणि घसरू नये म्हणून काय करायचं ती युक्ती मुलाला खेळता खेळता शिकवता येते. त्या युक्तीला वहीपर्यंत नेण्याचं काम मात्र खेळ आपोआप करत नाही. तो भाग पायरी 6 मध्ये आहे. घाईत असाल तर निदान तेवढा वाचाच.

## 1. आधी डोळे, कान आणि झोप

खेळांकडे वळण्याआधी हे तपासून घ्या. मुलाला फळा नीट दिसतो का? एक डोळा हाताने झाकायला सांगून भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे लांबून वाचायला सांगा, मग दुसरा डोळा झाकून. दोन डोळ्यांत फरक वाटला किंवा मूल डोळे बारीक करून बघत असेल, तर चष्म्याच्या दुकानात न जाता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. वारंवार सर्दी होणारं, कान फुटणारं मूल एका कानाने कमी ऐकत असू शकतं. त्याच्या पाठीमागे उभं राहून हलक्या आवाजात नाव घेऊन पाहा. आणि झोप: सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी नऊ ते बारा तास लागते. रात्री अकराला झोपून सकाळी सहाला शाळेसाठी उठणारं मूल दुसऱ्या तासाला पेंगणारच. त्याला ताटातल्या वस्तू लक्षात ठेवायला लावून काय होणार?

एक गोष्ट वेगळी सांगते, कारण ती "तंद्री" म्हणून सोडून दिली जाते. बोलता बोलता किंवा जेवता जेवता मूल काही सेकंद एकदम थिजतं, नजर शून्यात, हाक मारली किंवा खांद्याला हात लावला तरी भानावर येत नाही, आणि मग काहीच न घडल्यासारखं पुढे चालू. असं दिवसातून अनेकदा होत असेल तर तो फिट्सचा एक प्रकार असू शकतो. त्यावर खेळ हा उपाय नाही. जमलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

## 2. काय काय लागेल

विकत काहीच आणायचं नाही. घरातलं हे गोळा करा:

- कडा असलेलं एक स्टीलचं ताट आणि ते पूर्ण झाकेल एवढा जाड नॅपकिन (ओढणीतून वस्तू दिसतात)
- सहा सारख्या वाट्या
- पंचवीसेक छोट्या वस्तू: चावी, चमचा, खोडरबर, हळकुंड, सुपारी, कपड्यांचा चिमटा, केसांचा रबर, रिकामी काडेपेटी, बाटलीचं झाकण, नाणं, चिंचोका, पेन्सिलीचा तुकडा, लसणीची पाकळी, बांगडी, असं काहीही
- खडू
- शंभर पानी वही, नोंदीसाठी

ब्लेड, सुई, पिना नकोत. घड्याळातले किंवा रिमोटमधले चपटे बटण सेल तर चुकूनही ठेवू नका. गिळले गेले तर अन्ननलिका आतून जाळतात. घरात तीन वर्षांखालचं भावंडं असेल तर चिंचोके, सुपाऱ्या, नाणी खेळ संपताच मोजून डब्यात.

वेळ दहा ते पंधरा मिनिटं, रोज एकच खेळ. शाळेतून आल्या आल्या नको. खाणं झालं, अर्धा-पाऊण तास बाहेर हुंदडून झालं, की अभ्यासाच्या आधी. टीव्ही बंद. तुमचा फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण तुम्ही मध्येच स्क्रीनकडे पाहिलंत तर मूलही तिकडेच पाहणार.

## 3. पहिला खेळ: झाकलेलं ताट

स्काउटमध्ये हा खेळ फार जुना आहे, आणि डोहाळजेवणात-हळदीकुंकवात बायकाही तो खेळतात. पाच वस्तूंनी सुरू करा. ताटात एकमेकींना न चिकटता मांडा, झाका, मुलाला समोर बसवा. नॅपकिन उचला, मनात सावकाश तीसपर्यंत मोजा, पुन्हा झाका. आता मुलाने आठवतील त्या वस्तू सांगायच्या. लिहायला लावू नका. ज्याला लिहिणं जड जातं त्याची स्मरणशक्ती मग दिसतच नाही.

या तीस सेकंदांत ताटाकडे न बघता मुलाकडे बघा. काही मुलं पहिल्या सात-आठ सेकंदांत सगळ्यावरून नजर फिरवतात आणि "झालं!" म्हणून छताकडे पाहतात. काहींची नजर एकाच चमकणाऱ्या वस्तूवर खिळते. काहींचे ओठ हलत असतात. ओठ हलणारं मूल नावं घोकतंय, म्हणजे त्याला युक्ती सापडली आहे. साधारण सात वर्षांखालची मुलं अशी मनातली उजळणी आपणहून करत नाहीत. त्यांना ती दाखवावी लागते.

दाखवायची पद्धत अशी. तुम्ही स्वतः खेळायला बसा, मुलाला ताट मांडू द्या आणि बघता बघता मोठ्याने बोला: "चावी, चमचा, रबर... चावी, चमचा, रबर, सुपारी..." दुसऱ्या दिवशी हळू आवाजात, तिसऱ्या दिवशी फक्त ओठ हलवून. मग मुलाला म्हणा, "आता तू." समजावून सांगण्यापेक्षा हे ऐकवलेलं जास्त लागू पडतं.

पाच जमले की सात. इथे नुसतं घोकणं अपुरं पडायला लागतं, म्हणून दुसरी युक्ती: गट करणं. "स्वयंपाकघरातलं काय काय आहे? दप्तरातलं काय?" चमचा, हळकुंड, लसूण हे एकीकडे, खोडरबर, पेन्सिल दुसरीकडे, उरलेल्या दोन तिसरीकडे. सात सुट्या वस्तूंऐवजी तीन गट लक्षात ठेवायचे. पहिले काही दिवस वस्तूच अशा निवडा की गट सहज पडतील.

आकडा वाढवायचा केव्हा? माझा साधा नियम आहे. तीन डावांपैकी दोन पूर्ण बरोबर आले तर दुसऱ्या दिवशी एक वस्तू वाढवा. तीनपैकी दोन चुकले तर एक कमी करा. "काल आठ आले होते, मग आज सात का?" असं म्हणू नका. झोप, सर्दी, शाळेतलं भांडण, कशानेही एक-दोन खालीवर होतं.

कंटाळा आला की "काय गेलं?" खेळा. मूल पाठ फिरवतं, तुम्ही एक वस्तू काढून उरलेल्या हलवून ठेवता. हलवून ठेवायला विसरू नका, नाहीतर रिकामी जागाच उत्तर सांगते. आणि अधूनमधून मुलाला परीक्षक करा. तुम्ही खरोखरच चुकाल, आणि उत्तर मनात धरून तुमचं तपासताना मुलाचा जो सराव होतो तो खेळणाऱ्याइतकाच असतो.

## 4. दुसरा खेळ: वाट्यांचा ठोका

ताटाचा खेळ फार काही विचारत नाही: कुठल्याही क्रमाने सांगितलं तरी चालतं. अभ्यासात तसं नसतं. अक्षरांना क्रम असतो, सूचनांना क्रम असतो, भागाकाराच्या पायऱ्यांना तर असतोच. म्हणून वाट्या.

हा खेळ मी शोधलेला नाही. फिलिप कॉर्सी नावाच्या कॅनडातल्या संशोधकाने 1972 च्या आपल्या प्रबंधात नऊ लाकडी ठोकळे वापरून अशी चाचणी मांडली, आणि ती आजही मानसशास्त्रज्ञ वापरतात. आपण ठोकळ्यांऐवजी सहा वाट्या घेऊ.

वाट्या जमिनीवर उपड्या ठेवा, पण ओळीत किंवा गोलात नको. विस्कटून ठेवा. ओळीत असल्या की मूल "पहिली, चौथी, दुसरी" असे आकडे पाठ करतं. प्रत्येक वाटीच्या तुमच्याकडच्या बाजूला खडूने 1 ते 6 लिहा, मुलाला दिसणार नाही असं. आता वहीत आधी क्रम लिहून घ्या, उदाहरणार्थ 4-1-6, आणि त्या क्रमाने बोटाने एकेका वाटीवर टकटक करा. एका ठोक्याला एक सेकंद. तुमचा हात मांडीवर परत आला की मुलाने त्याच क्रमाने ठोकायचं.

तीनने सुरू करा, मग चार, पाच. सात-आठ वर्षांच्या मुलाला चार, फार तर पाच जमणं हे नेहमीचं आहे. शेजारच्याचा मुलगा सात करतो म्हणून आपल्यालाही करायला लावू नका.

मोठ्यांच्या हातून इथे तीन चुका हमखास होतात. एक, क्रम न लिहिता ठोकायचं आणि मग बरोबर काय होतं तेच आठवत नाही. मूल बरोबर असून चूक ठरतं, आणि त्याला ते कळतं. दोन, पुढच्या वाटीकडे आधी मान वळवायची. मूल मग तुमची मान वाचतं. तीन, वेग. उत्साहात आपण भराभर ठोकतो. मनात "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणत ठोका.

चार ठोक्यांवर अडलं तर युक्ती सांगायची: दोन-दोनच्या जोड्या. तुम्हीच दोन ठोके, अर्ध्या श्वासाची उसंत, मग दोन ठोके असं वाजवून दाखवा. काही दिवसांनी उसंत काढून टाका. जोड्या मूल स्वतः पाडू लागतं. ही दोन-दोनची सवय पुढे फार कामाची आहे.

चार नीट जमायला लागले की उलटा क्रम: तुम्ही 2-5-3 ठोकलं तर मुलाने 3-5-2. हे बरंच अवघड असतं, कारण धरून ठेवायचं आणि त्याच वेळी फिरवायचं, दोन्ही एकदम. म्हणून उलट्याला दोन ठोक्यांनी सुरू करा.

## 5. तिसरा खेळ: तळ्यात-मळ्यात, पण "बाद" न करता

आपल्यापैकी प्रत्येक जण हा खेळलेला आहे. खडूची रेघ, एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला मळा. सांगणारा "मळ्यात!" म्हणाला की उडी, आणि आधीच मळ्यात असाल तर जागचं हलायचं नाही. सगळी गंमत त्या न हलण्यात आहे. पाय उचलला गेलेला असतो आणि तो आवरायचा असतो. प्रश्न पुरा होईपर्यंत तोंड आवरायचं, त्यालाही तेच लागतं.

अंगणात खेळताना चुकलेला बाद होतो. तो नियम इथे काढून टाका. ज्याला सरावाची सर्वात जास्त गरज आहे तोच पहिल्या मिनिटाला बाद होऊन कठड्यावर बसतो आणि उरलेला वेळ दुसऱ्यांना चिडवतो. त्याऐवजी वीस हाका द्या आणि किती बरोबर आल्या ते मोजा. सगळे शेवटपर्यंत खेळतात.

नियम असे चढवत न्या. पहिले काही दिवस साधा खेळ. मग उलटा: "तळ्यात" म्हटलं की मळ्यात उडी. तो पक्का झाला की एका डावातच बदल, म्हणजे दहा हाका सरळ, मग टाळी वाजवायची, पुढच्या दहा उलट. टाळीनंतरच्या पहिल्या दोन-तीन हाकांकडे बारीक लक्ष ठेवा. जे मूल वजाबाकीतही बेरीज करतं ते नेमकं तिथे अडखळतं. त्याला तिथे युक्ती द्यायची ती एवढीच: टाळी ऐकली की उडी मारायच्या आधी "आता उलटं" असं स्वतःशी बोलायचं. मोठ्याने बोललं तरी चालेल, बोलूच द्या.

फ्लॅटमध्ये खालच्यांची तक्रार येत असेल तर उड्यांऐवजी दोन झाकणं घ्या आणि एक चिंचोका इकडून तिकडे सरकवा. मजा थोडी कमी होते, काम तेच होतं. मुलांना "शिवाजी म्हणतो" आवडत असेल तर तेही चालेल: "शिवाजी म्हणतो हात वर" म्हटलं तरच हात वर, नुसतं "हात वर" म्हटलं तर स्तब्ध.

हाका देताना ठरावीक ताल लागू देऊ नका. "तळ्यात-मळ्यात-तळ्यात-मळ्यात" असा ताल बसला की मूल ऐकणं सोडून तालावर उडतं. मध्येच दोनदा तेच सांगा, मध्येच थांबा.

## 6. खेळातली युक्ती वहीत कशी न्यायची

बरेच जण इथेच थांबतात. ताटात दहा वस्तू आठवायला लागतात, घरी सगळे खूश होतात, आणि शाळेतून तीच तक्रार पुन्हा येते. यात मुलाचा दोष नाही. मोनिका मेल्बी-लेर्वोग आणि चार्ल्स हुल्म या दोन संशोधकांनी 2013 साली स्मरणाच्या सरावावरचे तोवरचे अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा असंच दिसलं: मुलं सराव केलेल्या आणि त्याच्यासारख्याच कामात काही काळ सुधारतात, पण वाचन, गणित, वर्गातलं लक्ष यांत तो फरक आपोआप उतरत नाही. त्यामुळे "रोज पंधरा मिनिटांत बुद्धी वाढवा" म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या संचांवर आणि अ‍ॅपवर पैसे घालू नका.

पण युक्ती उतरवता येते, हाताला धरून. कशी, ते माझ्या भाच्याच्या उदाहरणाने सांगते.

भाचा तिसरीत. शाळेचं म्हणणं, "चंचल आहे, फळ्यावरचं उतरवून घेत नाही." खेळांत चित्र वेगळं निघालं. तळ्यात-मळ्यातमध्ये वीसपैकी सतरा-अठरा, टाळीनंतरही फारसा घोटाळा नाही. म्हणजे आवरण्याची अडचण नव्हती. ताटात पाच वस्तू ठीक, सातला तीनच. वाट्यांत तीन ठोके बरोबर, चौथ्याला क्रम तुटायचा. म्हणजे त्याला धरून ठेवता येत नव्हतं, आणि त्यातही क्रम.

मग त्याला एक वाक्य उतरवायला दिलं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलं: "आजी विहिरीवरून पाण्याची कळशी घेऊन आली." मी फक्त तो मान किती वेळा वर करतो ते मोजलं. चौदा वेळा. सहा शब्दांच्या वाक्यासाठी चौदा वेळा वर बघायचं, आणि दर वेळी आपण कुठे होतो ते शोधायचं. त्यात जवळपास निम्म्या वेळा एकट्या "विहिरीवरून"साठी. आपल्या लिपीत ऱ्हस्व वेलांटी बोलताना अक्षरानंतर येते आणि लिहिताना आधी काढावी लागते. "वि" आणि "हि" ऱ्हस्व, "री" दीर्घ. ज्याला तीन ठोकेच धरता येतात त्याच्यासाठी हा एकच शब्द ओंजळीबाहेरचा आहे.

त्याला वाट्यांची आठवण करून दिली. "चार ठोके कसे धरतोस? दोन-दोन. मग या वाक्याच्याही जोड्या पाडू." आजी. विहिरी-वरून. पाण्याची कळशी. घेऊन आली. प्रत्येक तुकड्याला एकच कृती: बघायचं, नजर काढून दोनदा पुटपुटायचं, लिहायचं, आणि लिहून झाल्यावरच वर बघायचं. "विहिरीवरून" सुरुवातीला दोन तुकड्यांत. पुटपुटताना "वि पहिली, हि पहिली, री दुसरी" असं म्हणू दिलं. पहिल्या दिवशी चिडला, कारण वेळ जास्त लागला. ते होणारच, आधीच सांगून ठेवा. काही आठवड्यांत तशाच लांबीच्या नव्या वाक्याला तो पाच-सहा वेळा वर बघू लागला, आणि शाळेतल्या वहीतली अर्धवट वाक्यं कमी झाली. वाट्यांत तेव्हा तो कसाबसा चारवर होता. म्हणजे त्याची "स्मरणशक्ती" फार वाढली नव्हती. आहे तेवढी वापरायची कशी हे त्याला कळलं होतं.

दुसऱ्या अडचणींनाही असाच पूल बांधावा लागतो. सूचना विसरणाऱ्या मुलाला: "वही काढ, तारीख टाक, पान 24 उघड" ऐकलं की तीन बोटं मिटायची, प्रत्येक बोटाला एक काम, आणि काम झालं की बोट उघडायचं. नियमात अडकणाऱ्याला: गणित सोडवण्याआधी चिन्हाभोवती पेन्सिलीने गोल काढायचा आणि टाळीनंतर म्हणायचा तसं "आता वजा" म्हणायचं. गोल काढणं ही त्याची टाळी. मध्येच उत्तर देणाऱ्याला: उत्तर सुचलं की अंगठा मुठीत दाबायचा, बाईंचं बोलणं थांबलं की हात वर. हे सगळं आधी घरी, खेळ संपल्या संपल्या, पाच मिनिटं करून घ्या. खेळ आणि वही यांत अंतर पडलं तर दोन्हींचा संबंध मुलाला लागत नाही.

## 7. नोंद ठेवा, पण योग्य गोष्टीची

वहीत रोज एक ओळ पुरते: तारीख, खेळ, किती वस्तू किंवा ठोके, तीनपैकी किती डाव बरोबर. आणि आठवड्यातून एकदा दुसरी नोंद, जी मला जास्त महत्त्वाची वाटते: एका नव्या सहा शब्दांच्या वाक्याला किती वेळा वर बघितलं, किंवा दहा मिश्र गणितांत किती वेळा चिन्ह चुकलं, किंवा तीन सूचनांपैकी किती पार पडल्या. तुमच्या मुलाची जी अडचण आहे ती एकच निवडा. पहिला आकडा वाढतोय आणि दुसरा हलत नाही, असं चार आठवडे दिसलं तर खेळ वाढवू नका. पायरी 6 ची पाच मिनिटं दहा करा.

ही वही भिंतीवर लावायची नाही, पाहुण्यांना दाखवायची नाही, आणि मोठ्या बहिणीच्या आकड्यांशेजारी तर अजिबात नाही. भावंडांना एकत्र खेळायचं असेल तर दोघांना वेगळे आकडे द्या: धाकट्याला पाच वस्तू, मोठीला नऊ.

## 8. शाळेत काय बोलायचं

"जरा लक्ष द्या हो याच्याकडे" असं सांगून काही हाती लागत नाही. चाळीस मुलांच्या वर्गात बाई तरी काय करणार! त्यापेक्षा दोनच नेमक्या विनंत्या करा. पुढच्या दोन बाकांपैकी एकावर, खिडकी-दारापासून लांब, बसवता येईल का? आणि एका वेळी दोनच सूचना देऊन तिसरी नंतर देता येईल का, किंवा फळ्याच्या कोपऱ्यात लिहिता येईल का? सोबत वाक्य उतरवण्याची नोंद दाखवा. "चौदा वेळा वर बघत होता, आता सहा" हे ऐकल्यावर शिक्षकही वेगळ्या नजरेने बघतात.

बोटं मिटण्याची किंवा पुटपुटण्याची युक्तीही सांगून ठेवा. नाहीतर पुटपुटतो म्हणून त्याला उभं केलं जातं.

## 9. खेळ पुरणार नाहीत, हे कधी समजायचं

घरी, शाळेत, शिकवणीत, म्हणजे एकाहून जास्त ठिकाणी, सहा महिन्यांहून अधिक काळ हीच अडचण असेल आणि त्यामुळे मुलाचं शिकणं किंवा मैत्री अडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. ते गरजेप्रमाणे बालविकासतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञांकडे पाठवतील. आकलन चांगलं असूनही तिसरी-चौथीत वाचन-लेखन फारच मागे असेल तरीही जा, कारण अडचण लक्षाची नसून अध्ययन अक्षमतेची असू शकते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे.

"मोबाईलवर तासभर हलत नाही, मग लक्ष नाही कसं?" हा प्रश्न मला नेहमी येतो. मोबाईलमध्ये दर दोन-तीन सेकंदांनी काहीतरी नवं घडतं आणि मुलाचं मन तो खेळच धरून ठेवतो. भागाकाराच्या गणिताकडे मन मुलाने स्वतः धरून ठेवायचं असतं. त्यामुळे मोबाईलवर बसतो यावरून अडचण नाही असं ठरवता येत नाही.

खर्चाची चिंता असेल तर सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांची तपासणी करणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं. हा कार्यक्रम 2013 पासून चालू आहे आणि 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. पथक केव्हा येणार ते मुख्याध्यापकांना किंवा आरोग्य केंद्रात विचारा. पुढच्या तपासणीसाठी ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकतात.

जाताना हे बरोबर न्या:

- खेळांची आणि वाक्यांची नोंदवही
- शाळेतल्या दोन वह्या, एक चालू आणि एक मागच्या वर्षीची
- प्रगतिपुस्तक, शिक्षकांचे शेरे असलेलं
- डोळे आणि कान तपासल्याचे कागद
- जन्मावेळचे आणि लसीकरणाचे कागद, असतील तर
- मूल कधी बसलं, चालायला, बोलायला लागलं याची अंदाजे टिपण (आजीला विचारा, तिला आठवतं)
- औषधं चालू असतील तर त्यांच्या चिठ्ठ्या